पाहुण्यांचे कोड, ऑटो-लॉकचे सेकंद आणि दाराची नोंदवही: टोकियोतल्या फ्लॅटमधला स्मार्ट लॉकचा अनुभव

आम्ही टोकियोत निशी-कासाईला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मागच्या ऑक्टोबरात दाराला स्मार्ट लॉक लावलं. नाताळच्या सुट्टीत आम्ही पुण्याला गेलो तेव्हा घर एका मैत्रिणीला राहायला दिलं होतं. मग अख्खा हिवाळा गेला, आणि मार्चमध्ये माझे आई-बाबा नाशिकहून आले ते जूनपर्यंत राहिले. घरात माणसं येत-जात राहिली की अशा कुलपाची खरी परीक्षा होते, म्हणून लिहायला इतके दिवस थांबले.

मॉडेलचं नाव देत नाही. जपानमध्ये क्युरिओ, सेसमी असे दाराला चिकटवायचे ब्रँड मिळतात आणि कुठलाही घेतला तरी ज्या तीन गोष्टींवर मी लिहिणार आहे त्या तिथे असतातच: पाहुण्यांना प्रवेश देणं, आपोआप कुलूप लागण्याची वेळ, आणि दार कधी कोणी उघडलं याची नोंद. ॲपमध्ये या तिन्हींची पानं वेगवेगळी आहेत. वापरताना मात्र एक ठरवलं की दुसरं बदलावं लागतं, हे मला हळूहळू कळत गेलं.

आधी हे कुलूप बसतं कसं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भाड्याच्या घरात मूळ कुलूप बदलता येत नाही, घर सोडताना सगळं होतं तसं करून द्यावं लागतं. त्यामुळे हे यंत्र दाराच्या आतल्या बाजूला, बोल्ट फिरवायची जी छोटी मूठ असते तिच्यावर दुहेरी टेपने चिकटवतात. आतली मोटर ती मूठ फिरवते, बस. बाहेरून बघाल तर कुलूप जुनंच, किल्लीचं भोकही तिथेच आणि किल्लीही चालते. बाहेर फक्त आकड्यांचा किपॅड येतो. तो लावण्याआधी घराची देखभाल बघणाऱ्या कंपनीला विचारा. मालकीच्या फ्लॅटमध्येसुद्धा दाराची बाहेरची बाजू इमारतीच्या सामायिक भागात धरली जाते, त्यामुळे परस्पर काही चिकटवलं तर वाद होऊ शकतो. आम्हाला परवानगी मिळाली. किपॅड मात्र आम्ही मुलाच्या हाताच्या उंचीवर लावला. इथे दुसरी-तिसरीतली मुलं शाळेतून एकटी घरी येतात, आणि मोठ्यांच्या छातीच्या उंचीवर लावलेल्या किपॅडची वरची ओळ त्यांना दिसत नाही.

पाहुण्यांचे कोड

पाहुण्याला प्रवेश द्यायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ॲपमधून त्याच्या फोनवर डिजिटल किल्ली पाठवणं, आणि दुसरा म्हणजे किपॅडवर दाबायचा आकडी कोड. सुरुवातीला मला किल्लीच जास्त सोयीची वाटायची, कारण ती एका बटणावर परत घेता येते. पण किल्ली घेणाऱ्याला आधी ॲप उतरवावं लागतं, खातं काढावं लागतं, ब्लूटूथ आणि लोकेशनची परवानगी द्यावी लागते. नरिता विमानतळावरून सामान ओढत आलेल्या, भारतातलं सिम रोमिंगवर असलेल्या माणसाला हे दारात उभं राहून करायला लावणं बरोबर नाही. इथेच राहणाऱ्या माणसाला किल्ली, बाहेरून आलेल्याला कोड, असं मी ठरवलं आणि ते आजपर्यंत बदललेलं नाही.

कोडचे माझ्या ॲपमध्ये तीन प्रकार आहेत: कायमचा, ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंत चालणारा, आणि एकदाच चालणारा. आई-बाबांना तारखांचा कोड दिला. सुरुवात ते उतरणार त्याच्या आदल्या दिवशी, शेवट परतीच्या विमानानंतर दोन दिवसांनी. विमान रद्द झालं, परतीचा दिवस सरकला, तर ऐनवेळी ॲप उघडत बसायला नको.

दोघांना वेगवेगळे कोड दिले, आणि हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. एकच कोड दोघांत ठेवला तर नोंदवहीत दोघांचं एकच नाव येतं. मग "बाबा फिरून आले का" याचं उत्तर ती वही देऊ शकत नाही, आणि उद्या एक कोड बंद करायची वेळ आली तर दोघांचाही बंद होतो. प्रत्येक कोडला नाव देता येतं, देवनागरीत लिहिलं तरी चालतं. आईने आपला आकडा आमच्या नाशिकच्या जुन्या घरच्या लँडलाइनवरून घेतला. तो तिच्या बोटांतच आहे, तिला कधी आठवावा लागला नाही. जन्मसाल किंवा फ्लॅट नंबर मात्र कोणालाही घेऊ दिला नाही.

भारतातून कोड काढताना वेळेकडे फार नीट बघावं लागतं. डिसेंबरात मी पुण्यात होते आणि मैत्रीण दुपारी तीनला आमच्या टोकियोच्या घरी पोचणार होती. माझ्या ॲपमध्ये कोडची वेळ फोनच्या घड्याळाप्रमाणे धरली जाते. जपान भारताच्या साडेतीन तास पुढे. म्हणजे तिथल्या दुपारी तीनसाठी पुण्यात बसून 11:30 भरायला हवेत. 15:00 भरले असते तर कोड तिथल्या संध्याकाळी साडेसहाला सुरू झाला असता आणि ती थंडीत साडेतीन तास दाराबाहेर राहिली असती. तपासायची सोपी रीत म्हणजे कोड सेव्ह केल्यावर फोनचं टाइमझोन क्षणभर टोकियोचं करून तेच पान पुन्हा उघडणं. तिथे जी वेळ दिसते ती दारावरची.

असं दुरून काही करायचं तर घरात हब लागतो. हब म्हणजे वायफायला जोडलेली छोटी डबी, जी तुमचा आदेश ब्लूटूथने कुलपापर्यंत पोचवते. कोड साठवलेले असतात किपॅडमध्ये. त्यामुळे हब बंद असेल तर तुम्ही पुण्यातून काढलेला नवा कोड किपॅडला कळलेलाच नसतो. तेच पुसण्याचं. ॲपच्या यादीतून कोड गेला म्हणजे दारावरून गेला असं धरू नका. मैत्रीण गेल्यावर आम्ही घरी परतलो तेव्हा मी तिचा जुना कोड स्वतः दाबून पाहिला, लाल दिवा लागला, तेव्हा कुठे ते काम संपलं असं मानलं.

एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात ठळकपणे दिसली नाही. तुमच्या फ्लॅटचा कोड इमारतीचं खालचं दार उघडत नाही. जपानमधल्या बहुतेक नव्या इमारतींना खाली वेगळं बंद दार असतं, आणि ते एकतर इंटरकॉमवरून घरातलं कोणीतरी उघडतं किंवा फ्लॅटच्याच धातूच्या किल्लीने उघडतं. म्हणजे घर रिकामं असताना पाहुणा एकटा येणार असेल, तर कोड असूनही तो तळमजल्यावर अडकणार. मैत्रिणीला आम्ही जाण्याआधीच एक किल्ली देऊन ठेवली. आई-बाबांनाही एक किल्ली दिली. त्या किल्लीमुळे नोंदवहीत काय गोंधळ होतो ते पुढे येतंच.

ऑटो-लॉकचे सेकंद

ॲपमध्ये हे पान सगळ्यात साधं दिसतं. चालू-बंद आणि सेकंदांची यादी, एवढंच. पण माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

पहिला प्रश्न सेकंद किती हा नाहीच. सेकंद कधीपासून मोजले जातात, हा आहे. दाराचा सेन्सर नसेल तर कुलूप उघडल्याच्या क्षणापासून मोजणी सुरू होते. दार उघडं आहे की मिटलंय याची त्याला कल्पनाच नसते. सेन्सर असेल तर दार मिटल्यावर मोजणी सुरू होते. सेन्सर म्हणजे चौकटीला चिकटवलेलं छोटं चुंबक, आणि कुलपाचं यंत्र त्याच्यासमोर आलं की दार मिटलं असं समजतं.

सेन्सर नसताना काय होतं ते आमच्या दारावर अगदी स्पष्ट दिसलं. इथल्या फ्लॅटमध्ये 24 तास हवा बाहेर ओढणारे पंखे असतात. 2003 पासून नव्या घरांना अशी वायुवीजनाची व्यवस्था सक्तीची आहे. घरं हवाबंद, त्यात स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट लावला की आतला दाब कमी होतो. अशा वेळी आमचं दार शेवटचे चार-पाच सेंटिमीटर मिटतच नाही. त्यात दाराच्या वर दार आपोआप मिटवणारा जो तेलाचा क्लोजर असतो, त्यातलं तेल थंडीत घट्ट होतं. जुलैत पटकन मिटणारं दार जानेवारीत रेंगाळत मिटतं. सेकंद कमी ठेवले असतील तर दार मिटायच्या आत बोल्ट बाहेर येतो आणि चौकटीच्या पत्र्यावर आदळतो. ॲपमध्ये "कुलूप लागलं" असं हिरव्या खुणेसकट दिसतं, आणि दार प्रत्यक्षात बोटभर उघडं असतं. शिवाय चौकटीवर ओरखडे पडतात, आणि घर सोडताना त्यांचे पैसे कापले जाऊ शकतात.

म्हणून चुंबक लावायला कंटाळू नका. सेन्सर शिकवताना ॲप दार पूर्ण मिटलेलं, किंचित उघडं आणि सताड उघडं अशा स्थिती नोंदवून घेतं. यातली किंचित उघडी स्थिती आमच्याकडे महत्त्वाची ठरली. एक्झॉस्ट चालू करून, दार जिथे अडतं बरोबर तिथे धरून ती नोंदवली. तेव्हापासून अडलेलं दार "उघडं" म्हणूनच दिसतं आणि बोल्ट बाहेर येत नाही.

सेन्सर असल्यावर सेकंदांचा अर्थच बदलतो. आता ते दारातून बाहेर पडायला लागणारे सेकंद राहत नाहीत, त्यासाठी दार उघडं असेतो यंत्र थांबूनच राहतं. ते उरतात "अरे, छत्री राहिली" म्हणून मागे वळण्यासाठी. आम्ही तिघंच होतो तेव्हा 10 सेकंद पुरत. आई-बाबा आल्यावर 30 केले. बाबा दाराबाहेर येऊन, जाळीच्या पिशव्या खाली ठेवून, बूट नीट घालतात. दार मागे मिटतं आणि मग त्यांना चष्मा आठवतो. सेन्सर नसता तर मी 60 च्या खाली गेलेच नसते.

सेकंद कितीही ठेवा, एक धोका राहतोच. दार मिटलं, कुलूप लागलं, आणि माणूस बाहेर फोनशिवाय. इथे कचरा सकाळी आठच्या आत खाली नेऊन ठेवायचा असतो. माणूस घरच्या कपड्यांत, हातात पिशवी घेऊन, दोन मिनिटांसाठी म्हणून निघतो. ज्यांच्याकडे फक्त फोनवरची किल्ली आहे ते नेमके अशा वेळी बाहेर अडकतात. किपॅड हा त्यावरचा उपाय. पण किपॅडची किंवा कुलपाची बॅटरी संपली तर काय, याचाही विचार हवा. कुलपात लिथियमच्या CR123A बॅटऱ्या लागतात. त्यांचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम पडतो, त्यामुळे ॲपमधल्या टक्क्यांवर फार विसंबू नये. पहिली सूचना आली की बदलून टाकाव्यात. ऑटो-लॉक चालू असलं की प्रत्येक येण्याजाण्याला मोटर कुलूप लावण्यासाठीही फिरते, शिवाय दार घट्ट बसत असेल तर जास्त जोर लावते, म्हणून कंपनीने दिलेल्या मुदतीच्या आधीच सूचना येऊ शकते. आमच्याकडे नियम असा आहे की खाली जाणाऱ्याने धातूची किल्ली घ्यायचीच. तळमजल्याचं दार उघडायला ती लागतेच, आणि कुलपाचं यंत्र पूर्ण बंद पडलं तरी तिनेच घरात येता येतं.

नोंदवही

आईच्या एका सकाळच्या नोंदी अशा दिसतात:

```
07:41  解錠  手動
07:42  施錠  オートロック
07:49  解錠  暗証番号  आई
07:50  施錠  オートロック
```

解錠 म्हणजे उघडलं आणि 施錠 म्हणजे लागलं. पहिल्या ओळीत 手動 आहे, म्हणजे मोटरने नव्हे तर हाताने मूठ फिरली. आई आतून दार उघडून कचरा घेऊन गेली. मागे कुलूप आपोआप लागलं, ते オートロック. सात मिनिटांनी तिने किपॅडवर कोड, म्हणजे 暗証番号, दाबला, म्हणून तिथे नाव आलं. बाहेर जाणाऱ्याचं नाव ही वही कधीच सांगत नाही, कारण आतून मूठ कोणीही फिरवू शकतं. नाव मिळतं ते फक्त आत येणाऱ्याचं. पाहुण्यांच्या घरात ही मर्यादा आधीच माहीत असावी, नाहीतर माणूस नसते अर्थ काढत बसतो.

आता किल्लीचा गोंधळ. एप्रिलमध्ये एका सकाळी मी ऑफिसात होते, नवरा ओसाकाला, मुलगा शाळेत, आई-बाबा उद्यानात साकुराचा बहर बघायला गेलेले. 10:05 ला कुलूप आपोआप लागल्याची नोंद, आणि मग 11:20 ला 解錠 手動. रिकाम्या घराची मूठ आतून फिरणार कशी? पण बाहेरून धातूच्या किल्लीने उघडलं तरी आतली मूठ फिरतेच, आणि यंत्राला तेवढंच कळतं. बाबांना फोन केला. ते पाय दुखतात म्हणून एकटेच परत आले होते. तळमजल्याचं दार किल्लीने उघडलं, ती हातातच होती, मग वरचंही तिनेच उघडलं. साहजिकच आहे. पण घर रिकामं असताना आलेली अशी बिननावाची ओळ बघून काळजात धस्स होतं, त्यामुळे त्यानंतर मी त्यांना विनंती केली की वरच्या दाराला कोडच दाबा. पाहुण्याला किल्ली आणि कोड दोन्ही देताना एवढं वाक्य सोबत सांगायलाच हवं.

नोंदवहीचा मला सगळ्यात मोठा उपयोग झाला तो बिघाड ओळखायला, माणसांवर नजर ठेवायला नाही. उघडल्याच्या प्रत्येक ओळीखाली लागल्याची ओळ हवी. जूनमध्ये पावसाळी दमट हवा सुरू झाली आणि एका संध्याकाळी सलग दोन 解錠 दिसल्या, मध्ये 施錠 नाहीच. चौकटीवरच्या चुंबकाची टेप सुटून ते जरा खाली घसरलं होतं. यंत्राला दार सतत उघडंच वाटत होतं, त्यामुळे मोजणी सुरूच होईना आणि दार कुलपाविना राहिलं. सेन्सर बिघडला की चूक कुलूप न लागण्याच्या बाजूने होते, आणि ती कुठलाही आवाज न करता होते. स्पिरिटने चौकट पुसून नवी टेप लावली. आता पावसाळ्यात रोज रात्री शेवटची ओळ 施錠 आहे ना, एवढं पाहते.

वेळांबद्दल एक सांगते. हब नसेल तर नोंदी कुलपातच पडून राहतात आणि तुमचा फोन जवळ आला की एकदम ॲपमध्ये उतरतात. हब असतानाही घरचं वायफाय गेलं की तसंच होतं. दुपारभर काहीच दिसलं नाही म्हणजे कोणी आलं नाही असा अर्थ घेऊ नये. मुलगा घरी पोचल्याचं नोटिफिकेशन आलं नाही तर मी आधी हब चालू दिसतोय का ते बघते, मग घरी फोन करते.

आणि आईचा प्रश्न. पहिल्याच आठवड्यात तिला नोंदवही दाखवली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी भाजी आणायला गेले तेही तुला ऑफिसात बसून दिसणार का गं?" प्रश्न रास्त होता. दिसतं, हे मी तिला सरळ सांगितलं. मग तिच्यासमोरच दोघांच्या कोडची नोटिफिकेशन बंद केली, घरच्यांपैकी ती फक्त मुलाच्या कोडपुरती ठेवली. नोंद होत राहते, कारण ती माणसागणिक बंद करता येत नाही. पण काही विचित्र घडल्याशिवाय मी वही उघडणार नाही, असं तिला सांगितलं आणि ते पाळलं. मैत्रिणीलाही राहायला येण्याआधी सांगून ठेवलं होतं. ज्याला कोड देतो त्याला त्याचं येणं नोंदलं जातं हे आधी माहीत असायला हवं, मग तो घरचा असो वा बाहेरचा.

माझ्या ॲपमध्ये मला एक गोष्ट खरंच कमी पडते. कोडला वार आणि तास लावता येत नाहीत. दर मंगळवारी सकाळी साफसफाईला बाई येतात. त्यांच्यासाठी हवा तो "मंगळवार, 10 ते 12" एवढाच कोड. आत्ता त्यांना कायमचा कोड द्यावा लागतो, किंवा दर आठवड्याला नवा काढून पाठवावा लागतो. त्यांना दर वेळी नवा आकडा पाठ करायला लावणं मला पटत नाही, म्हणून कायमचा दिला आणि त्यांना विचारून त्या एका कोडचं नोटिफिकेशन चालू ठेवलं. घरी नेमाने कोणी येत असेल तर विकत घेण्याआधी ॲपच्या माहितीत वार-तासांची सोय आहे का ते शोधा. काही किपॅडना ती आहे, आणि असेल तर त्यासाठी थोडे जास्त येन मोजायला हरकत नाही.

आई-बाबा पुढच्या वर्षी पुन्हा यायचं म्हणताहेत. त्यांचे कोड मी पुसले आहेत आणि दाबूनही पाहिले आहेत. सेकंद पुन्हा 10 वर आहेत.